मागं कोण बसणार?

बारावीचा निकाल लागला की माझ्या केंद्रात दाखल्यांची झुंबड उडते. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमिलेअर. त्याच रांगेत मधे मधे लायसनवाले उभे असतात. पोरांची अठरा वर्षं नुकतीच भरलेली असतात, आणि आई-वडिलांना वाटत असतं की कॉलेजसाठी गाव सोडायच्या आत ‘कच्चं’ तरी निघावं. माझं केंद्र एसटी स्टँडसमोर आहे, माणदेशाच्या कडेला असलेल्या तालुक्याच्या गावात. आरटीओचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी. साठेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं.

जून २०२१ पर्यंत शिकाऊ लायसनसाठीसुद्धा ही वारी करावी लागायची. अर्ज ऑनलाइन भरला तरी संगणकावरची परीक्षा कार्यालयात जाऊनच द्यायची. त्या जूनपासून आधार असलेल्याला परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली आणि आमच्यासारख्या गावाचा एक पूर्ण दिवस वाचला. पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली, ती मला उशिरा कळली. कार्यालयात खिडकीपलीकडचा माणूस विचारायचा, “कुठल्या गाडीचं काढायचंय?” आता तो प्रश्न कुणी विचारत नाही. पडद्यावर डावीकडे वाहनांच्या प्रकारांची यादी येते. हवा तो प्रकार निवडायचा, बाणावर क्लिक करायचं, तो उजव्या चौकटीत जातो. दहा सेकंदांचं काम. पण पुढचे सहा महिने त्या दहा सेकंदांवर चालतात.

यादीतली नावं इंग्रजीत आणि आखूड. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांचा संबंध तीन नावांशीच. `MCWOG` म्हणजे बिनगिअरची दुचाकी, आपली स्कुटी. `MCWG` म्हणजे गिअरची मोटारसायकल. `LMV` म्हणजे हलकं मोटार वाहन, बोलीत चारचाकी. लोक ही नावं वाचत नाहीत. ते म्हणतात, “ताई, टू व्हीलर-फोर व्हीलर दोन्ही टाका.” आणि पहिली दोन-तीन वर्षं मी तसंच टाकत होते. टू व्हीलर म्हणजे `MCWG`, फोर व्हीलर म्हणजे `LMV`. हात बसला होता.

अशीच एका अंगणवाडी सेविकेची फाइल मी भरली. वस्तीवरची अंगणवाडी घरापासून सात किलोमीटर, म्हणून त्यांनी कर्ज काढून स्कुटी घेतली होती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शिकाऊ लायसन निघालं, त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. पुढं पोषण आहार, सर्वेक्षण, सासूचं आजारपण यांत पाच महिने गेले. मग त्या पक्क्या लायसनच्या टेस्टला जिल्ह्याच्या गावी गेल्या. सोबत भाऊ आणि स्कुटी. मैदानावर निरीक्षकांनी कागद पाहिला. कागदावर गिअरची गाडी, समोर बिनगिअरची. ज्या प्रकाराचं लायसन हवं त्या प्रकारच्या गाडीवरच टेस्ट द्यावी लागते. त्यात निरीक्षकांची काही चूक नव्हती. कुणाची तरी मोटारसायकल आणा, असं त्यांनी सांगितलं. ती आणून उपयोग काय? सेविकाताईंनी क्लचला आयुष्यात हात लावला नव्हता. गिअरच्या लायसनवर बिनगिअरची गाडी चालते, म्हणून ‘मोठंच’ काढून टाकावं असा सगळ्यांचा समज असतो. चालवायला ते खरं आहे. पण टेस्ट गिअरच्याच गाडीवर होते.

त्या परत आल्या आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून राहिल्या. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, “आता परत पहिल्यापासनं का?” होय, पहिल्यापासूनच. बिनगिअरच्या प्रकारासाठी नवा शिकाऊ अर्ज, पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, आणि पुन्हा तीस दिवस थांबायचं. शिकाऊ लायसन हातात आलं की त्या प्रकारासाठी तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. त्यांची फी मी माझ्या गल्ल्यातून भरली. पण त्यांनी मानधन बुडवून केलेला खाडा आणि भावाचं पेट्रोल मला भरून देता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी एक लांब वही घातली. लायसनचा माणूस आला की संगणक उघडायच्या आधी वही उघडायची. दारात कुठली गाडी आहे? शिकताना मागं किंवा शेजारी कोण बसणार? पुढच्या सहा महिन्यांत गावात कधी असणार? एवढं लिहून झाल्याशिवाय मी `sarathi.parivahan.gov.in` उघडत नाही.

ही वही खरी कशी उपयोगी पडते ते मला सोमवार, १० जून २०२४ला दिसलं. एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलगी बारावी शास्त्र शाखेची, अठरा पूर्ण होऊन दोन आठवडे झालेले, पुढं पुण्याला शिकायला जाणार. वडील शेतकरी, मोकळ्या स्वभावाचे. म्हणाले, “ताई, त्या यादीतलं सगळंच इकडं घ्या. पोरगी एकदाच येणार.”

मी वही उघडली. दारात काय आहे? एक स्कुटी, आईची. एक मोटारसायकल, वडिलांची. चारचाकी नाही, पण चुलत्यांकडे जीप आहे. मुलीला काय येतं? ती म्हणाली, “मोटारसायकल येते. रानात चालवते मी.” वडील हसले आणि मान हलवली. आमच्याकडे बऱ्याच मुली पाणी धरायला जाताना बांधावरच्या रस्त्यानं गाडी शिकतात, मग डांबरीवर यायची वेळ येते तेव्हा लायसन आठवतं. म्हणजे हिच्याबाबतीत `MCWG` बरोबर होतं. जो प्रकार सेविकाताईंच्या गळ्यात मी न विचारता घातला, तोच हिच्यासाठी विचारून योग्य ठरला. स्कुटीसाठी वेगळा प्रकार घ्यायची गरज नव्हती.

चारचाकीवर मात्र आम्ही थोडं बोललो. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे शिकाऊ लायसनला प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. म्हणजे एका प्रकाराला २००, दोन घेतले तर ३५०. दीडशे रुपयांचा फरक कुणालाच मोठा वाटत नाही, म्हणून तर लोक “सगळंच घ्या” म्हणतात. पण पक्क्याच्या वेळी प्रत्येक प्रकाराच्या टेस्टचे ३०० रुपये, आणि लायसनचे २०० वेगळे. त्यातही खरा खर्च पैशांचा नाही. शिकाऊ लायसनची मुदत सहा महिन्यांची. त्या मुदतीत चारचाकी शिकून, चारचाकी घेऊन मैदानात उभं राहावं लागतं. मुलगी लवकरच पुण्याला जाणार, हॉस्टेलवर राहणार. जीप चुलत्यांची, आणि चुलते उसाच्या हंगामात घरी नसतात. मग ती शिकणार कधी? वडिलांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या. फुडं बघू.” चारचाकी नंतर वाढवता येते. त्यासाठी त्या प्रकाराचं शिकाऊ लायसन पुन्हा काढायचं आणि पक्क्या लायसनमध्ये तो प्रकार जोडून घ्यायचा.

दुसऱ्या प्रश्नाला वडील लगेच म्हणाले, “मागं मीच बसणार की.”

शिकाऊ लायसन म्हणजे एकट्यानं गाडी चालवायची परवानगी नव्हे. चालू लायसन असलेला शिकवणारा बरोबर लागतो, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी मागं बसवता येत नाही. पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. पाटी अठरा सेंटीमीटर चौरस आणि अक्षर निदान दहा सेंटीमीटर उंच. आमच्याकडे पोरं वहीच्या कागदावर स्केचपेननं ‘एल’ काढून चिकटवतात. पहिल्या पावसात तो वाहून जातो.

मी वडिलांना म्हटलं, “आण्णा, तुमचं लायसन दाखवा बरं.” त्यांनी पाकिटातून काढलं. कार्डाच्या कडा मऊ झाल्या होत्या. २००३ साली काढलेलं. तेव्हा नियम असा होता की लायसन वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोवर चालायचं. त्यांचं वय त्रेचाळीस, म्हणजे वीस वर्षांचाच हिशेब लागू. मुदतीची तारीख मी दोनदा वाचली. २ जुलै २०२३. लायसन संपून अकरा महिने झाले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. रोज बाजारला जात होते, डेअरीला जात होते.

मला तिथं त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं, कारण त्यानं कुठलाही नियम जाणूनबुजून मोडला नव्हता. ती तारीख त्याला कुणी वाचून दाखवली नव्हती एवढंच. पण एक बरं होतं. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की गाडी चालवायची टेस्ट पुन्हा द्यावी लागते. आमच्या हातात तीन आठवडे होते. चाळिशी ओलांडलेली, म्हणून डॉक्टरांचं नमुना १-अ प्रमाणपत्र लागणार. त्यांना मी त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं आणि नूतनीकरणाचा अर्ज त्या आठवड्यातच भरला. ते कार्ड येईपर्यंत मुलीच्या मागं मामा बसणार असं ठरलं. मामांचं लायसन मी व्हॉट्सॲपवर मागवून तारीख तपासली, मगच वहीत त्यांचा रकाना भरला.

मग मुलीचा अर्ज. पहिल्याच पानावर विचारतात की अर्जदाराकडे आधीचं लायसन आहे का. तिच्याकडे नव्हतं, त्यामुळे अडचण नव्हती. पण इथं फार लोक घोटाळा करतात. गेल्या वर्षी एक गुरुजी आले होते, बावन्न वर्षांचे, चारचाकी शिकायची होती. दुचाकीचं १९९४ सालचं पुस्तकी लायसन घरात होतं, पण शोधायचा कंटाळा. म्हणाले, “नाही म्हणून टाका, नवीन काढू.” तसं करायचं नसतं. एका माणसाला एकच लायसन, आणि जुनं लपवून नवं काढलं तर पुढं नोंदी जुळवताना सगळंच अडकतं. गुरुजींना मी परत पाठवलं. दोन दिवसांनी पत्र्याच्या पेटीतून पुस्तक निघालं. त्याची नोंद संगणकात नव्हती, ती आधी कार्यालयाकडून चढवून घ्यावी लागली. त्यात महिना गेला. गुरुजी तेव्हा माझ्यावर नाराज होते.

मुलीनं आधारचा मार्ग निवडला. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आधारवरून उचलले जातात आणि आपल्याला त्यांत बदल करता येत नाही. म्हणून आधारवर नाव चुकलेलं असेल तर मी आधी आधार दुरुस्त करायला सांगते. नाहीतर तीच चूक लायसनवर छापून येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. हिच्या आधारला आईचा जुना नंबर होता, सुदैवानं चालू. आई डेअरीत होती. फोन लावून ओटीपी विचारायला दहा मिनिटं गेली, तोवर पहिला ओटीपी बाद झाला. दुसरा घेतला. प्रकाराच्या पानावर मी माउस तिच्या हातात दिला. `MCWG` तिनं स्वतः उजव्या चौकटीत नेला आणि विचारलं, “एवढंच?” म्हटलं, “एवढंच. आता खालचं नीट वाच.” खाली प्रकृतीबद्दलचं स्वयंघोषणापत्र असतं: फिट येते का, नंबराची पाटी ठरावीक अंतरावरून वाचता येते का. लोक ते न वाचता ‘नाही, नाही, होय’ करत जातात. तिनं वाचलं. एका ठिकाणी थांबून बाहेर उभ्या एसटीची पाटी वाचून पाहिली.

परीक्षेबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघावी लागते. ती बघून झाली की परीक्षेचा पासवर्ड मोबाइलवर येतो. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यावे लागतात. कॅमेऱ्यासमोर अर्जदाराचा चेहरा हवा. घरबसल्या परीक्षा सुरू झाली तेव्हापासून मला आठवड्याला एकदा तरी विचारणा होते, “चेहरा पोराचा दाखवू, उत्तरं तुम्ही द्या, शंभर जास्त घ्या.” मी देत नाही. गावात देणारे आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि त्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं तिकडं जातात. पण त्या पंधरा प्रश्नांत अरुंद पुलावर समोरून गाडी येत असेल तर काय करायचं हे असतं, रुग्णवाहिकेला वाट कशी द्यायची हे असतं. आमच्या घाटाच्या रस्त्यावर हे दोन्ही रोज घडतं. ज्यानं उत्तर दिलं तो माझ्या दुकानात बसलेला असणार, आणि पुलावर पोरगा एकटा असणार. मुलगी पहिल्यांदा आठ प्रश्नांवर अडली. रडवेली झाली. पन्नास रुपये भरून पुन्हा बसली ती चिन्हं पाठ करूनच, आणि बारा बरोबर आले. लायसन १० जूनलाच निघावं म्हणून वडिलांनी घाई केली नाही, याचं मला बरं वाटलं. ते निघालं १३ तारखेला, गुरुवारी.

आता तारखांचा हिशेब. तीस दिवस १३ जुलैला पूर्ण, मुदत १२ डिसेंबरपर्यंत. लोकांना ही दुसरी तारीख दिसते आणि ते निवांत होतात. सहा महिने आहेत, दिवाळीत बघू. पण दिवाळी हा सगळ्यांचाच बेत असतो. पुण्या-मुंबईला गेलेली सगळी पोरं त्याच दहा दिवसांत गावी येतात, त्यातले निम्मे दिवस कार्यालयाला सुट्टी, आणि रोज किती जणांची टेस्ट घ्यायची हे ठरलेलं. स्लॉटचं कॅलेंडर उघडलं की मोकळे दिवस हिरवे दिसतात, भरलेले लाल. ऑक्टोबरच्या मध्यावर मी कितीदा ते पान उघडून नुसतं लाल बघितलं आहे. त्यात कॅलेंडर फार पुढचं उघडत नाही, त्यामुळे दोन महिने आधी येऊन दिवाळीची जागा धरून ठेवता येत नाही. आणि समजा नोव्हेंबरमध्ये टेस्ट झाली आणि नापास झाली, तर दुसऱ्या प्रयत्नाला मुदतीत जागा मिळेलच असं नाही. मुदत संपली की शिकाऊ लायसन पुन्हा काढायचं. सेविकाताईंचा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतो.

म्हणून वहीतला तिसरा रकाना. मुलगी म्हणाली, “गौरी-गणपतीला मी येणारच.” २०२४ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, गौरी १० ते १२. मी वहीत लिहिलं: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पक्क्याचा अर्ज, टेस्ट गौरीविसर्जनानंतर. चुकलं-माकलं तर दिवाळी हातात राहील.

जागा कुठली, हाही प्रश्न होता. आरटीओचे निरीक्षक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी येतात, त्याला आम्ही कॅम्प म्हणतो. कॅम्पच्या तारखा आधी जाहीर होतात, त्या मी दारावर चिकटवते. शिकाऊ लायसनवाल्याला कॅम्प किती मोलाचा हे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला कळणार नाही. टेस्टला गाडी आपली न्यायची असते. साठ किलोमीटर ती गाडी कुणी चालवायची? मुलीनं चालवायची तर मामा मागं हवा, घाटातून, ट्रकच्या गर्दीतून. नाहीतर मामानं चालवायची आणि ती मागं बसून जाणार, म्हणजे दोघांचा दिवस गेला. कॅम्पला मात्र घरापासून बारा मिनिटांत पोचता येतं. पण कॅम्पच्या जागा थोड्या, आणि सप्टेंबरचा कॅम्प सणाच्या आधीच्या आठवड्यात होता. ती तेव्हा पुण्यात असणार. शेवटी जिल्ह्याच्या कार्यालयाचाच स्लॉट घ्यायचा ठरला.

२६ ऑगस्टला तिनं पुण्याहून फोन केला. तिथूनच तिनं शिकाऊ लायसनचा नंबर आणि जन्मतारीख टाकून पक्क्याचा अर्ज भरला, मी फोनवर होते. फी भरल्यावर ती म्हणाली, “झालं ताई.” झालं नव्हतं. पुष्कळ लोक फीची पावती म्हणजेच तारीख समजतात. ती पावती घेऊन मैदानावर जातात आणि परत येतात. स्लॉट वेगळा घ्यावा लागतो, अपॉइंटमेंटच्या पानावर अर्ज क्रमांक टाकून. तिथं प्रकारासमोर खूण करायची असते. ज्याचे दोन प्रकार असतील त्यानं एकाच प्रकारासमोर खूण केली तर एकाचीच टेस्ट ठरते. मग दिवस, मग वेळ, मग ओटीपी. शुक्रवार, १३ सप्टेंबर, सकाळची वेळ हिरवी होती. तिनं घेतली आणि पानाचा फोटो मला पाठवला. फोटोवर तारीख, वेळ आणि `MCWG` हे तिन्ही मी तपासलं. तेव्हा म्हटलं, “आता झालं.”

१२ तारखेला रात्री मी वडिलांना फोन केला. हा फोन मी सगळ्यांना करते. टेस्टच्या गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवं, शिकाऊ लायसनची प्रत हवी, हेल्मेट हवं. विमा होता. पीयूसी बघा म्हटलं. ते बाहेर ओसरीत गेले, डिकीतला कागद आणला, बॅटरीच्या उजेडात वाचला. “ताई, हे ऑगस्टात संपलंय.” गौरी नुकत्याच गेलेल्या, घरात पाहुणे, रात्रीचे नऊ. जिल्ह्याच्या गावी शिरताना पेट्रोलपंपावर पीयूसी निघतं, सकाळी लवकर सुरू होतं, म्हणून त्यांना एक तास आधी निघायला सांगितलं. पहाटे साडेपाचला मामा गाडी घेऊन निघाला, मुलगी मागं, वडील एसटीनं.

टेस्टचं मला तिनं नंतर सांगितलं. इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवायची, पाय खाली टेकवायचा नाही. तिच्या पुढचा मुलगा वळणावर दोनदा टेकला. तिला रानातल्या पाटाच्या कडेनं गाडी चालवायची सवय होती, आठ तिला सोपा वाटला. पण थांबायच्या रेषेवर तिनं हाताचा इशारा दिला नाही, तेव्हा साहेबांनी परत करायला लावलं. परत केलं. लायसन टपालानं ऑक्टोबरात घरी आलं. वडिलांचं नवं कार्ड त्याच्या आधीच आलं होतं.

सगळ्यांना मी मार्ग दाखवू शकते असं नाही. त्याच जूनमध्ये एक गृहस्थ सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. क्लासला लांब जावं लागतं, नवी स्कुटी घेतलेली. कुणीतरी सांगितलं होतं की सोळाव्या वर्षी बिनगिअरचं निघतं. निघतं. पालकांची संमती जोडली की अर्ज घेतला जातो, आणि कागदावर `MCWOG` छापून येतं. पण कायद्यातली सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी, आणि त्यांच्या दारातली स्कुटी ११० सीसीची. दुकानात आज मिळणारी साधी स्कुटी बहुधा शंभराच्या वरचीच असते. म्हणजे कागद खरा, पण दारातल्या गाडीला तो लागू नाही. मी त्यांना २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १९९-अ वाचून दाखवलं: अल्पवयीन मुलानं परवानगी नसलेली गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. ते म्हणाले, “पण पोरं चालवतातच की सगळी.” मला त्यावर उत्तर नव्हतं. क्लासला जायला दुसरं साधन नाही, सात वाजता एसटी नाही, हे सगळं खरंच आहे. मी अर्ज भरला नाही. त्यांनी दुसरीकडे भरला असावा. परवा तो मुलगा स्टँडसमोरून गेला. मागं दोन मित्र होते आणि हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. मी दारात उभी होते. तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

या मे महिन्यात ती मुलगी पुन्हा आली. उन्हाळ्याची सुट्टी होती, हातात पाकीट, पाकिटात लायसन. म्हणाली, “ताई, आता चारचाकी.” मी संगणकाकडे वळले, तर तिनं कपाटावरची लांब वही काढून माझ्यापुढं ठेवली आणि स्वतःच सांगायला लागली. जीप चुलत्यांची. हंगाम संपलाय, ते आता घरीच आहेत. त्यांचं लायसन २०३१पर्यंत आहे, मी बघितलंय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी गावात आहे. मी लिहून घेतलं, आणि पहिल्या पानावर, आधीचं लायसन आहे, या ओळीसमोर खूण केली.